साडेतीन महिन्यांच्या बाळाला श्वास लागलाय, दूध अर्धंच घेतेय. रात्रीच न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं?

चोपड्याकडची_सून (बुधवार, रात्री ८.४७)
कुणी बालरोगातलं असेल तर कृपया लवकर सांगा. माझी मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन २ किलो ८००, आता साडेपाच किलोच्या आसपास. मोठा चार वर्षांचा आहे, अंगणवाडीतून तो सर्दी घेऊन आला. हिला रविवारपासून नाक वाहायला लागलं, मंगळवारी खोकला सुरू झाला. आज सकाळपासून श्वास भरभर चाललाय, छातीत घरघर ऐकू येते. ताप थोडासा आहे, शंभर. आज दुपारी गावातल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी खोकल्याचं सिरप आणि एक अँटिबायोटिक दिलं, म्हणाले दोन दिवसांत उतरेल.

एरवी ती अंगावर पंधरा-वीस मिनिटं पिते. आज दोन-तीन मिनिटं ओढते आणि सोडून रडते. सासूबाई म्हणतात, नाक चोंदलंय म्हणून तसं होतंय. मिस्टर शेतावर आहेत, केळीला पाणी द्यायला रात्रीची लाइट असते. तालुक्याचं गाव आमच्यापासून वीस किलोमीटर. रात्री निघावं का?

केळीबाग_यावल (८.५८)
ताई, घाबरू नका. माझ्या मुलाला अगदी हेच होतं, वर्षातून चार वेळा व्हायचं. आम्ही नेब्युलायझर मशीनच घेऊन ठेवलं. औषध टाकून वाफ दिली की अर्ध्या तासात मोकळा. तुमच्या शेजारीपाजारी कुणाकडे मशीन असेल तर आणा, रात्र निघून जाईल.

अमळनेरची_आजी (९.०४)
पोरी, आमच्याकडे याला डबा झाला म्हणतात. माझ्या तिन्ही लेकरांना झाला. ओव्याची पोटली तव्यावर गरम करून छातीला शेकायची, वेखंडाची धुरी द्यायची, नाकात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे. पण माझी सासू अहिराणीत एक सांगायची, ‘लेकरू दूध सोडस तवय वाट पाहानी नही.’ तू म्हणतेस ती दूध सोडतेय. म्हणून मला तुझी काळजी वाटते.

बालविभाग_सिस्टर_धुळे (९.११)
मी लहान मुलांच्या वॉर्डात चौदा वर्षं आहे. ताई, तीन गोष्टी आत्ता करून इथे लिहा. त्याशिवाय नुसतं ‘भरभर’ यावरून मला सांगता येणार नाही.

पहिली, श्वास मोजा. तिचं झबलं वर करा, म्हणजे छाती-पोट उघडं दिसेल. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण मिनिटभर मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. या वयात श्वास एका चालीत नसतो, थोडा भरभर, मग थोडा थांबून असा चालतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा आकडा फसवा निघतो. ती झोपलेली किंवा शांत असतानाच मोजा, रडताना किंवा पिताना नाही. दोनदा मोजा.

दुसरी, मोजतानाच बघा, बरगड्यांच्या खाली किंवा गळ्याखालच्या खळगीत श्वासागणिक खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलतात का.

तिसरी, सकाळपासून किती लंगोट ओले झाले आणि शेवटचा कधी, ते आठवा. अंगावरचं दूध किती मिली गेलं ते कळत नाही, पण शू खोटं बोलत नाही.

आजी, शेक जपून दिलात तर त्याचं एवढं नाही, पण नाकात तेल आणि धुरी दोन्ही नकोच. तेल घशातून थेट फुप्फुसात उतरू शकतं आणि तिथून निघत नाही. आणि जिला आधीच हवा पुरत नाही तिच्या खोलीत धूर कशाला करायचा?

आशाताई_शहादा (९.१७)
सिस्टरांनी बरोबर सांगितलं. आम्हाला प्रशिक्षणात आकडे असे शिकवलेत: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. तुमची साडेतीन महिन्यांची, म्हणजे ५० ची रेषा. ५० च्या खाली असेल तर काही नाही, घरीच राहा.

चोपड्याकडची_सून (९.२९)
मोजलं. झोपेत ६२, दुसऱ्यांदा ६४. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं, अंगात दोन झबली होती. नाकपुड्या थोड्या हलतात. ओठ गुलाबी आहेत. शेवटचा लंगोट सकाळी साडेदहाला ओला झाला. त्यानंतर कोरडाच आहे. एरवी दिवसाला सात-आठ होतात.

बालविभाग_सिस्टर_धुळे (९.३४)
निघा ताई. सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, ‘साडेतीन महिन्यांचं बाळ, श्वास ६४, दूध घेत नाही’ एवढंच सांगा आणि गाडीत ऑक्सिजन आहे ना विचारा. गाडीला वेळ लागणार असेल तर गावातल्या कुणाची चारचाकी घ्या. मोटारसायकलवर, थंडीत, तोंड झाकून नेऊ नका.

वाटेत तिला खांद्याशी उभी धरा, डोकं मागे किंवा पुढे कलू देऊ नका, दुपटं घट्ट गुंडाळू नका, चेहरा उघडा ठेवा म्हणजे रंग दिसत राहील. स्वतः ओढत असेल तर थोडं पाजा, पण चमच्याने किंवा बाटलीने जबरदस्तीने घालू नका. सिरपचा पुढचा डोस देऊ नका. दोन्ही औषधांच्या बाटल्या बरोबर घ्या. ओठ किंवा जीभ निळसर पडली, श्वास मध्येच थांबला, किंवा ती हलवूनही उठेना, तर वाटेत जो पहिला दवाखाना दिसेल तिथे ऑक्सिजन लावून घ्या आणि मग पुढे.

चोपड्याकडची_सून (९.३९)
१०८ लागली. पंचवीस मिनिटं म्हणाले. मिस्टर निघालेत शेतातून.

केळीबाग_यावल (९.४६)
देव करो सगळं नीट होवो. पण सिस्टर, एक विचारतो. ५० च्या वर म्हणजे जलद, हे आशाताईंनी सांगितलं. मग तुम्ही ६२ ऐकल्यावर एकदम ‘निघा’ कसं म्हणालात? आणि ५४ असता तर काय म्हणाला असता? आम्ही शेतकरी माणसं, आमच्याकडे दर वेळी गाडी करायची म्हणजे दोन-तीन हजार.

बालविभाग_सिस्टर_धुळे (१०.१५)
प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हा आजार बहुतेक ब्रॉन्किओलायटिस असावा. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा विषाणू असतो. मोठ्या भावाला त्याने नुसती सर्दी होते, पण तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या आतून सुजतात आणि चिकट पदार्थाने बुजतात. सुरुवातीचे दोन-तीन दिवस फक्त सर्दी. मग खोकला, श्वास. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जड असतो, आणि तिथून उतरतो. म्हणून ‘उद्या बघू’ हे आजाराच्या सातव्या दिवशी चालतं, चौथ्या दिवशी चालत नाही. हिचा आज चौथा. रात्रीत वाढेल हेच धरून चालायचं.

आता आकडा. ५० ओलांडला की त्या दिवशी डॉक्टरांनी बाळ पाहायलाच हवं, इथपर्यंत तो आकडा पुरतो. भरती करायचं का, ते त्याच्यावर एकट्यावर ठरत नाही. ५४ असता, खड्डा नसता आणि ती एरवीच्या पाऊण हिश्शापेक्षा जास्त पीत असती, तर मी म्हटलं असतं, नाकात साध्या सलाइनचे थेंब टाका, थोडं थोडं वारंवार पाजा, दोन-दोन तासांनी मोजा आणि सकाळी दाखवा. ६० च्या वर गेलं किंवा दूध निम्म्यावर आलं की दवाखाना. ७० च्या वर असेल तर बाकी काहीही न विचारता निघायचं.

यात दुधाला मी एवढं का धरून बसते, ते सांगते. तान्हं बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं. दूध ओढायचं, गिळायचं आणि श्वास घ्यायचा, ही तीन कामं त्याला आळीपाळीने करावी लागतात, आणि प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबतो. मिनिटाला ६० म्हणजे सेकंदाला एक श्वास. मध्ये घोट घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून ते दोन मिनिटं ओढतं, दमतं, सोडतं आणि भुकेने रडतं. ‘रुसली’, ‘नाक चोंदलं’ म्हणतो आपण, पण खरं तर ती दूध की श्वास यातला श्वास निवडते. त्याही अवस्थेत कुणी बळजबरीने पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं.

सासूबाईंचंही अर्धं बरोबर होतं. नुसतं नाक चोंदल्यानेही बाळ दूध सोडतं. म्हणून सलाइनचे दोन-दोन थेंब टाकायचे, पाच-दहा मिनिटांनी नाक हलकंसं पुसायचं आणि मग अंगाला लावायचं. तेव्हा नीट प्यायली तर नाकच होतं. तरीही सोडलं तर श्वास.

आशाताई_शहादा (१०.२८)
सिस्टर, ‘५० च्या खाली असेल तर काही नाही’ हे मी सरसकट लिहिलं, ते चुकलं बहुतेक. माझ्या डोक्यात न्यूमोनियाचा तक्ता होता.

आणि भाऊ, खर्चाचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात उपचार, औषधं, तपासण्या मोफत आहेत. नेण्या-आणण्याची गाडीसुद्धा. गावात बऱ्याच जणांना वाटतं ते फक्त बाळंतपणापुरतं आहे.

जुळ्यांचा_बाबा_भुसावळ (१०.५१)
खालच्या आकड्याबद्दल मला लिहिलंच पाहिजे. माझ्या जुळ्या मुली तेहतिसाव्या आठवड्यात झाल्या. पाच आठवड्यांच्या असताना धाकटीला किंचित सर्दी. खोकला नाही, ताप नाही. बायकोने श्वास मोजला, ४८. आम्ही निश्चिंत. रात्री पाळण्यात ती हलेना, ओठ राखाडी. पायाला चापट मारल्यावर श्वास परत आला. दवाखान्यात आणखी दोनदा तसंच झालं. तिथे सांगितलं की अशा लहान, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा आजार श्वास वाढवून दिसेलच असं नाही, श्वास मध्येच थांबण्याने दिसतो. त्या दिवशी दुपारपासून ती झोपूनच होती आणि दोन पाजण्या चुकल्या होत्या. दुधाची खूण होती, आम्ही आकड्याकडे बघत बसलो.

बालविभाग_सिस्टर_धुळे (११.०२)
हे लिहिलंत ते फार बरं केलंत. दीड महिन्याच्या आतलं, दिवस पूर्ण न झालेलं किंवा हृदयाचा जन्मजात दोष असलेलं बाळ असेल, तर मी आकड्याची वाट बघतच नाही. सर्दी आणि दूध कमी, एवढ्यावर दाखवायला नेते.

याचीच दुसरी बाजू सांगते. सकाळी ६८ असलेलं बाळ संध्याकाळी ४४ वर येतं आणि घरचे म्हणतात, उतरलं. उतरलं असेल तर ते डोळे उघडून बघेल, दूध ओढेल, लंगोट ओला करेल. आकडा खाली, पण बाळ मलूल, दूध बंद, मान टाकलेली, तर ते थकलंय. छातीचे स्नायू दमले की श्वासाची गतीच पडते. असं बाळ घरून आलं की आमच्या वॉर्डात सगळे पळतात.

औषधवाला_शिरपूर (११.२०)
सिरपबद्दल बोलतो, कारण दुकानात रोज बघतो. सर्दी-खोकल्याची ज्या मिश्र सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असतं, त्यांवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायचा आदेश २०२३ मध्ये निघाला. तरी तान्ह्यांसाठी लोक मागतात. त्याने या आजारात काही मोकळं होत नाही, उलट बाळाला गुंगी येते आणि ते आजाराने मलूल आहे की सिरपने हे कळत नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही हे मी ग्राहकाला सांगतो, पण चिठ्ठीवर असेल तर मला द्यावंच लागतं.

पाचोरा_पालक (११.४१)
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला कापूस वेचणीच्या दिवसांत दरवर्षी खोकला आणि दम लागतो. म्हणजे त्यालाही हेच ब्रॉन्किओलायटिस का? त्याचाही श्वास मोजू का?

बालविभाग_सिस्टर_धुळे (११.४८)
नाही भाऊ, हा दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा आजार, त्यातही पहिल्या वर्षात जास्त. दरवर्षी त्याच हंगामात दम लागतो म्हणजे दम्याच्या दिशेने तपासून घ्या. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

---

चोपड्याकडची_सून (गुरुवार, दुपारी ३.२०)
रात्रभर लिहायला जमलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पावणेअकराला पोचलो. पायाच्या अंगठ्याला पट्टी लावून ऑक्सिजन पाहिला, ८८. लगेच नाकात बारीक नळ्या लावल्या. श्वास ६८ झाला होता. तिथून ऑक्सिजनसकट दुसऱ्या गाडीने जळगावला, पहाटे दोनला भरती.

इथल्या डॉक्टरांनीही ब्रॉन्किओलायटिसच सांगितलं. ऑक्सिजनवर आता ९५ आहे. नाकातून पोटात नळी घातलीय, माझंच दूध काढून दर दोन तासांनी २० मिली त्यातून देतात. ते बघून खूप रडले मी. पहाटे पाचला लंगोट ओला झाला, तेव्हा तिथली सिस्टर मला सांगायला धावत आली.

पण आता घरात वाद लागलाय. अँटिबायोटिक बंद केलं, एक्स-रे काढला नाही, नेब्युलायझर लावलं नाही. दीर म्हणतात, मग करतायत काय? नुसता ऑक्सिजन आणि दूध तर घरीही दिलं असतं. खाजगीत हलवू म्हणतायत.

केळीबाग_यावल (३.४५)
मलाही हेच खटकलं. माझ्या मुलाला नेब्युलायझरने अर्ध्या तासात फरक पडायचा, मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे का देत नाहीत?

बालविभाग_सिस्टर_धुळे (४.३०)
भाऊ, तुमच्या मुलाचं वय तेव्हा किती होतं?

केळीबाग_यावल (४.३६)
तीन-साडेतीन.

बालविभाग_सिस्टर_धुळे (५.०५)
तिथेच फरक आहे. त्या वयात वारंवार दम लागतो तेव्हा नळ्यांभोवतीचे स्नायू आवळलेले असतात, आणि तुमच्या मशीनमधलं औषध ते सैल करतं. या बाळाच्या नळ्या आवळलेल्या नाहीत, आतून सुजल्या आणि बुजल्या आहेत. स्नायू सैल करून बुजलेली नळी उघडत नाही. नेब्युलायझर आणि स्टेरॉइडने या आजारात भरतीचे दिवस कमी होत नाहीत. तरी काही डॉक्टर एकदा देऊन बघतात आणि फरक नसला तर थांबवतात. माझ्याच वॉर्डात दोन डॉक्टरांचं यावर एकमत नाही, त्यामुळे कुणी दिलं म्हणून मी लगेच चूक म्हणणार नाही.

ताई, दिरांना सांगा, ‘नुसता ऑक्सिजन आणि दूध’ हाच याचा उपचार आहे. सूज आपल्या वेळेने उतरते, तोवर बाळाला हवा आणि पाणी कमी पडू द्यायचं नाही. आणि ते घरी देता आलं नसतं. तुम्ही काल देतच होतात, तिला घेता येत नव्हतं. आता नळीने पोटात जातंय म्हणून तिची सगळी ताकद श्वासाला मिळते. पंचाण्णववर असलेलं बाळ आज पाचव्या दिवशी ऑक्सिजन काढून गाडीत घालू नका. हलवायचंच असेल तर आधी डॉक्टरांना कारण विचारा.

डॉक्टरांना रोज दोन गोष्टी विचारा: ऑक्सिजन किती लिटरवर आहे, आणि दूध किती मिलीवर गेलं. पहिला खाली आणि दुसरा वर, म्हणजे बरं होतंय. तुमच्या बाळाच्या वजनाला दर दोन तासांनी ६५-७० मिलीच्या आसपास गेलं की पोट भरतंय असं समजा. खोकल्याच्या आवाजावरून काही ठरवू नका, तो दोन-तीन आठवडे राहतो.

अमळनेरची_आजी (६.१०)
पोरी, तू दूध काढत राहा, नाहीतर आटेल. लेकरू परत अंगावर येईल तेव्हा हवं ना. आणि तू जेवलीस का?

---

चोपड्याकडची_सून (रविवार, सकाळी १०.०५)
काल दुपारी ऑक्सिजन काढला, रात्रभर झोपेतही ९४-९५ राहिला. नळी शुक्रवारी रात्री निघाली. पहिल्यांदा अंगावर चार मिनिटं प्यायली, काल दहा. आज सुट्टी देतायत. खोकला आहेच. दिरांचं अजून म्हणणं आहे की एक्स-रे काढायला हवा होता.

डॉक्टर म्हणाले घरी चुलीच्या धुरापासून आणि सासऱ्यांच्या बिडीपासून लांब ठेवा, मोठ्याने हात धुतल्याशिवाय हिला घ्यायचं नाही. सासऱ्यांना हे कसं सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.

सिस्टर, एक विचारायचं होतं. आता घरी श्वास रोज मोजू का? आणि पुन्हा होऊ शकतं का?

बालविभाग_सिस्टर_धुळे (११.३०)
पुन्हा होऊ शकतं, एकदा झाल्याने कायमचा बचाव मिळत नाही. पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ झोपेत मोजा, नंतर सोडून द्या, नाहीतर तुमचीच झोप उडेल. दूध पुन्हा निम्म्यावर आलं किंवा अर्धा दिवस लंगोट कोरडा राहिला, तर आकडा कितीही असो, त्याच दवाखान्यात परत.

जुळ्यांचा_बाबा_भुसावळ (१२.१५)
सासऱ्यांचं मी सांगतो. माझे वडील ऐकत नव्हते. मी त्यांनाच धाकटीचा श्वास मोजायला बसवलं. पूर्ण मिनिट पोटाकडे बघत बसले. त्यानंतर बिडी अंगणात ओढायला लागले, आणि आत आल्यावर आपणहून हात-तोंड धुऊन, सदरा बदलून मगच तिला घ्यायचे.

चोपड्याकडची_सून (सायंकाळी ७.४०)
घरी आलो. झोपेत ४२. बारा मिनिटं प्यायली, लंगोट ओला आहे. आत्ता सासरे मोजतायत.